नेफेलोमीटर, एनटीयू आणि फॉर्मेझिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळांतले केमिस्ट, जलशुद्धीकरण केंद्रावरचे ऑपरेटर आणि प्रॅक्टिकलसाठी धावपळ करणारे विद्यार्थी यांच्याकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोप्यापासून सुरुवात आहे. ज्यांचं यंत्र चालू आहे पण आकड्यावर भरवसा नाही, त्यांनी थेट प्रश्न 9 पासून वाचलं तरी चालेल.

1. नेफेलोमीटर नेमकं काय मोजतो? पाण्यातली माती का?

माती नाही, प्रकाश. सॅम्पलच्या काचेच्या सेलमधून प्रकाशाचा झोत सरळ जातो. पाण्यात तरंगणारे कण त्यातला थोडा प्रकाश चहूकडे विखुरतात. झोताशी 90 अंशांच्या कोनात बसवलेला डिटेक्टर या विखुरलेल्या प्रकाशापैकी त्याच्या दिशेला आलेला भाग मोजतो, आणि त्यावरून यंत्र गढूळपणाचा आकडा एनटीयू या एककात दाखवतं. पाणी अगदी निर्मळ असेल तर बाजूला जवळजवळ काहीच प्रकाश येत नाही, आणि काळोखावरचा थोडासा उजेड ओळखणं सोपं असतं. म्हणून कमी गढूळपणा मोजायला ही पद्धत उत्तम ठरते.

पूर्वी जॅक्सनची मेणबत्ती वापरत. उभ्या काचनळीखाली मेणबत्ती पेटवायची आणि ज्योतीचा आकार दिसेनासा होईपर्यंत वरून पाणी ओतत राहायचं. त्या पद्धतीला साधारण 25 युनिटच्या खालचं काही कळत नसे. पिण्याच्या पाण्याच्या आजच्या मर्यादा 1 आणि 5 आहेत, म्हणजे जॅक्सनच्या नळीला ते सगळंच पाणी सारखं दिसलं असतं.

2. मग 10 एनटीयू म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम गाळ?

असा ठरलेला गुणक नाही. तेवढ्याच वजनाची बारीक चिकणमाती भरड वाळूपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश विखुरते, कारण कण किती, केवढे आणि कोणत्या आकाराचे, यावर सगळं अवलंबून असतं. एकाच नदीच्या एकाच ठिकाणच्या पाण्यासाठी दोन्ही चाचण्या बरेच महिने समांतर करून तुम्ही स्थानिक संबंध काढू शकता. तो दुसऱ्या नदीला लावू नका, आणि पहिल्या पुराच्या पाण्याला लावतानाही जपून.

3. ग्लासात पाणी स्वच्छ दिसतं, मीटर 3 दाखवतो. यंत्र बिघडलंय का?

बहुधा नाही. माणसाच्या डोळ्याला गढूळपणा साधारण 4 एनटीयूच्या पुढे जाणवू लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500:2012) स्वीकार्य मर्यादा 1 एनटीयू आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत मुभा आहे. म्हणजे स्वीकार्य मर्यादा ओलांडलेलं पाणी डोळ्याला निर्मळ वाटणं अगदी शक्य आहे. यंत्राचा खरा उपयोग याच पट्ट्यात आहे आणि यंत्राच्या चुकाही इथेच दडतात. त्या कशा, ते प्रश्न 10 मध्ये.

4. कॅलिब्रेशनला फॉर्मेझिनच का? खडू किंवा मुलतानी माती पाण्यात कालवली तर?

मातीचं स्टँडर्ड दर वेळी वेगळं होतं. खाण बदलली, दळणं बदललं, की कणांचा आकार बदलला. फॉर्मेझिन वजन केलेल्या रसायनांपासून बाटलीतच तयार होतं, म्हणून पुण्यात केलेलं आणि नागपुरात केलेलं जुळतं. ही पद्धत 1926 सालापासून वापरात आहे.

आत घडतं ते असं: हेक्झामिन (पूर्ण नाव हेक्झामिथिलिनटेट्रामिन) पाण्यात हळूहळू फुटून फॉर्मल्डिहाइड देतं, त्याची हायड्राझिनशी जोडणी होते आणि न विरघळणारा पांढरा पॉलिमर तयार होतो. फॉर्मल्डिहाइड सावकाश सुटतं म्हणूनच कण गठ्ठ्यानं खाली न बसता बारीक तरंगते राहतात. त्यांत लहानमोठे सगळे आकार असतात, आणि खऱ्या पाण्यातल्या मिश्रणाची नक्कल म्हणून ते चांगलंच.

5. स्टॉक घरच्या घरी, म्हणजे आपल्याच लॅबमध्ये, कसा करायचा?

आधी पाणी तयार करा. डिस्टिल्ड वॉटर 0.2 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक मेम्ब्रेन फिल्टरमधून गाळा. पहिलं 200 मिली टाकून द्या, कारण फिल्टर आणि फ्लास्कवरचे कण त्यात येतात. पुढचं सगळं काम याच पाण्यात.

पहिलं द्रावण: 1.000 ग्रॅम हायड्राझिन सल्फेट विरघळवून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये 100 मिली करा. ते गार पाण्यात सावकाश विरघळतं, घाई करू नका. तळाशी एक खडा राहिला तरी स्टँडर्ड तेवढं हलकं. दुसरं द्रावण: 10.00 ग्रॅम हेक्झामिन 100 मिलीत. हेक्झामिन हवेतला ओलावा धरतं, म्हणून डेसिकेटरमधलं घ्या. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली चालणार नाही.

आता दोन्हींचे बरोबर 5-5 मिली पिपेटनं एका फ्लास्कमध्ये एकत्र करा, झाकण लावा आणि 25 अंशांना (3 अंश इकडेतिकडे) 24 तास न हलवता ठेवा. सुरुवातीला मिश्रण पाण्यासारखं नितळ दिसतं. ते पाहून पुष्कळ जण काहीतरी चुकलं समजून ओतून देतात. थांबा. दुसऱ्या दिवशी दुधाळ पांढरं झालेलं असतं. हे झालं 4000 एनटीयूचं फॉर्मेझिन. गडद तपकिरी बाटलीत भरून तारीख टाका.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र गंभीर राहा. हायड्राझिन सल्फेट विषारी आहे आणि कर्करोगकारक असल्याचा संशय असलेल्या रसायनांत मोडतं. वजन करताना भुकटी उडू देऊ नका, हातमोजे घाला, फ्यूम हूडखाली काम करा. पिपेट तोंडानं ओढायची सवय कुठे अजून उरली असेल तर ती इथे तरी मोडा. शिल्लक द्रावण सिंकमध्ये न ओतता लॅबच्या घातक कचऱ्याच्या बाटलीत जमा करा.

6. एका पुस्तकात हा स्टॉक 400 एनटीयू लिहिलाय, दुसऱ्यात 4000. खरं कोणतं?

दोन्ही. 5 अधिक 5 मिलीचं 10 मिली मिश्रण तसंच ठेवलं तर ते 4000. जुन्या पद्धतीत 24 तासांनंतर तेच 10 मिली 100 मिलीपर्यंत नेतात, म्हणून 400. गोंधळ होतो तो बाटलीवर नुसतं ‘फॉर्मेझिन स्टॉक’ लिहिल्यामुळे. करणारा एक, वापरणारा दुसरा, आणि मग 40 एनटीयूचं म्हणून केलेलं स्टँडर्ड खरं 4 चं किंवा 400 चं निघतं. चूक बरोबर दहापटीची दिसली तर आधी बाटलीवरची चिठ्ठी तपासा, यंत्र नंतर.

7. उन्हाळ्यात आमच्या लॅबमध्ये 38-40 अंश असतात. 24 तास टेबलावर ठेवलं तर?

नको. तापमानाबरोबर अभिक्रियेचा वेग बदलतो, वेगाबरोबर कणांचा आकार, आणि आकाराबरोबर विखुरणं. बाटली पांढरी होईल, पण तिला 4000 म्हणता येणार नाही.

बहुतेक पाणी-प्रयोगशाळांत 27 अंशांना लावलेला बीओडी इनक्युबेटर असतो. 27 हा आकडा 22 ते 28 च्या चौकटीत बसतो, म्हणून घट्ट बुचाचा फ्लास्क त्यात ठेवता येतो. ज्यांचा इनक्युबेटर 20 ला चालतो, त्यांनी मात्र तो वापरू नये.

8. वर्किंग स्टँडर्ड कसे करायचे आणि किती दिवस ठेवायचे?

साधा विरळीकरणाचा हिशोब. 4000 च्या स्टॉकचे 10 मिली 100 मिलीत नेले की 400. त्या 400 चे 25 मिली 100 मिलीत म्हणजे 100, आणि 10 मिली 100 मिलीत म्हणजे 40. त्या 40 चे 10 मिली पुन्हा 100 मिलीत नेले की 4. थेट 4000 वरून 4 ला जायचं तर 0.1 मिली मोजावं लागेल. एवढ्या लहान मापात पिपेटची चूकच मोठी होते, म्हणून टप्प्याटप्प्यानं उतरा.

फॉर्मेझिन खाली बसतं. दर वेळी काढण्याआधी बाटली सावकाश उलटी-सुलटी करा, फेस येईल अशी हलवू नका, आणि लगेच मधल्या थरातून पिपेट भरा. पिपेट भरून फोन घ्यायला गेलात तर परत येऊन ती रिकामी करून नव्यानं भरा.

टिकण्याचं सूत्र एवढंच: जितकं विरळ तितकं अल्पायुषी. 4000 चा स्टॉक गार आणि अंधाऱ्या जागी वर्षभरापर्यंत चालतो, 400 चा सुमारे महिनाभर. 40 आणि त्याखालची स्टँडर्ड त्याच दिवशी करून त्याच दिवशी टाका. फ्रिजमध्ये गेल्या आठवड्याचं 4 एनटीयू ठेवून रोज यंत्र ‘पास’ करून घेणाऱ्या लॅब आहेत. तिथे तपासणी कशाची होते, हे त्यांनाच ठाऊक.

9. रोज कॅलिब्रेशन करताना क्रम काय असावा?

यंत्र चालू करून दिव्याला स्थिर व्हायला वेळ द्या. टंगस्टन दिव्याच्या यंत्राला अर्धा तास दिला तर निश्चिंत राहता येतं. मग गाळलेल्या पाण्यानं शून्य लावा, आणि ज्या रेंजमध्ये सॅम्पल मोजणार त्याच रेंजच्या वरच्या टोकाचं स्टँडर्ड घालून नॉब किंवा बटणानं आकडा जुळवा. पुन्हा शून्य पाहा, हललं असेल तर पुन्हा जुळवा.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गळते. जे स्टँडर्ड कॅलिब्रेशनला वापरलं नाही, असं मधलं एक घालून बघा. 100 वर जुळवलं असेल तर 40 चं घाला. शेवटी 4 चं घाला. 40 बरोबर येतं आणि 4 ऐवजी 4.6 दिसतं, तर नॉबला हात लावू नका. तिथे दोष खालच्या टोकाचा, म्हणजे पाणी, सेल किंवा भरकटलेला प्रकाश यांचा असतो. नॉब फिरवून 4 बरोबर केलंत तर 40 बिघडेल.

10. आम्ही कॅनमधल्या डिस्टिल्ड वॉटरनं शून्य लावतो. सगळी स्टँडर्ड बरोबर येतात. तरीही दुसरी लॅब म्हणते तुमचे आकडे कमी आहेत. असं कसं?

स्टँडर्ड बरोबर येतात, तेच इथे फसवं आहे. एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू.

समजा कॅनमधल्या पाण्याचा खरा गढूळपणा 0.4 एनटीयू आहे. बरेच दिवस भरून ठेवलेल्या प्लॅस्टिक कॅनमध्ये हे सहज होतं, कारण आतल्या भिंतीवर शेवाळी थर धरतो. तुम्ही त्याला शून्य म्हटलंत, म्हणजे यंत्र आता प्रत्येक वाचनातून 0.4 वजा करणार.

आता त्याच पाण्यात 1 एनटीयूचं स्टँडर्ड केलंत. बाटलीत खरं आहे 1.4: फॉर्मेझिनचं 1 आणि पाण्याचं जवळजवळ सगळं 0.4. यंत्र 0.4 वजा करून दाखवतं 1.0. तुम्ही खूश. 100 च्या स्टँडर्डलाही तेच होतं, आणि तिथे तर 0.4 चा फरक कुणाला दिसणारही नाही.

मग नळाचं सॅम्पल येतं. ते तुमच्या कॅनच्या पाण्यात केलेलं नाही. त्याचा खरा गढूळपणा 1.3. यंत्र दाखवतं 0.9. रजिस्टरमध्ये ‘1 च्या आत’ अशी नोंद होते आणि मर्यादा ओलांडलेलं पाणी स्वीकार्य ठरतं. चुकीच्या शून्याला चुकीचं स्टँडर्ड सांभाळून घेतं आणि भुर्दंड फक्त सॅम्पलला पडतो.

हे पकडायचा सोपा मार्ग म्हणजे प्रश्न 5 प्रमाणे ताजं गाळलेलं पाणी घेऊन सॅम्पलसारखंच मोजणं. अंकी पडद्यावर उणे आकडा आला, किंवा काटा शून्याच्या खाली दबला, की तुमचं ‘शून्य’ शून्य नव्हतं. आठवड्यातून एकदा हे करा, आणि कॅन बदलला की त्याच दिवशी. मला विचाराल तर महागडं तयार स्टँडर्ड घेण्याआधी मेम्ब्रेन फिल्टरचा डबा घ्या.

11. तेच सॅम्पल, तेच यंत्र, पण सेल फिरवून ठेवली की आकडा बदलतो. का?

काच कुठेच अगदी एकसारखी नसते. ओरखडा, जाडीतला फरक, बोटाचा ठसा, सगळे प्रकाश विखुरतात आणि डिटेक्टरला ते कणांसारखेच दिसतात. 100 एनटीयूला याचं काही वाटत नाही, पण 0.5 ला ओरखडाच निम्मा आकडा खाऊन टाकतो.

सेलमध्ये गाळलेलं पाणी भरा, थोडी थोडी फिरवत वाचा, आणि जिथे सर्वांत कमी येतं तिथे वरच्या कडेला खूण करा. पुढे नेहमी ती खूण त्याच बाजूला. धरताना वरच्या टोकालाच धरा, बाहेरून तंतू न सोडणाऱ्या कापडानं पुसा. बारीक ओरखड्यांवर सिलिकॉन तेलाचा एक थेंब पसरून पुसून घेतला की ते बुजतात. तेल दिसता कामा नये, सेल कोरडी वाटली पाहिजे. खोल ओरखड्याची सेल मात्र टाकून द्या.

वाचन स्थिरच होत नसेल तर कारण बहुधा वेगळं असतं. आकडा उड्या मारत असेल तर बुडबुडे: सेल टिचकी मारून थोडी थांबवा. हळूहळू खाली उतरत असेल तर कण बसताहेत: सेल सावकाश उलटी-सुलटी करून लगेच वाचा. हळूहळू वर चढत असेल तर सेलच्या बाहेर धुकं धरतंय का पाहा. कोकणात पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेलं सॅम्पल लगेच लावलं की हे हमखास होतं, म्हणून आधी ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

12. पुराचं पाणी लावलं तर अपेक्षेपेक्षा कमी आकडा आला. डोळ्याला तर चहासारखं दिसतंय.

कण फार झाले की एकानं विखुरलेला प्रकाश दुसरा अडवतो आणि डिटेक्टरपर्यंत पोचतच नाही. एका मर्यादेनंतर गढूळपणा वाढतो तसा आकडा उलट घसरतो.

अशा वेळी पाणी विरळ करा आणि दोन वेगवेगळ्या प्रमाणांत करा. समजा थेट वाचन 640 आलं. 10 मिलीचे 100 मिली केल्यावर 96 आलं, म्हणजे दहापटीनं 960. 2 मिलीचे 100 मिली केल्यावर 22, म्हणजे 1100. 1 मिलीचे 100 मिली केल्यावर 11.2, म्हणजे 1120. शेवटची दोन उत्तरं जुळली, पहिली दोन नाहीत. विरळ केलेलं वाचन 40 च्या खाली येईपर्यंत जा, असा जुना दंडक आहे, तो याचसाठी. अहवालात 1120 लिहू नका, 1100 लिहा. हजाराच्या पुढे जवळच्या शंभरापेक्षा बारीक आकड्याला अर्थ नसतो.

विरळ करायला शक्यतो त्याच सॅम्पलचं गाळलेलं पाणी वापरा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये क्षार नसल्यानं एकत्र चिकटलेले कण कधीकधी सुटे होतात आणि उत्तर फिरतं.

13. बोअरचं पाणी काढलं तेव्हा निर्मळ होतं. लॅबमध्ये 8 एनटीयू आलं. नमुना कुणी बदलला का?

बहुधा लोहानं बदलला. जमिनीखाली ऑक्सिजन नसताना लोह विरघळलेलं असतं. हवा लागली की त्याचे तांबूस कण होतात आणि बाटलीतच गढूळपणा तयार होतो. असं पाणी जागेवरच, काढल्याबरोबर मोजा. लॅबपर्यंत न्यायचंच असेल तर बाटली काठोकाठ भरा, अंधारात 4 अंशांना ठेवा आणि 24 तासांच्या आत मोजा. गोठवू मात्र नका. लोहाच्या पाण्यासाठी हीही तडजोडच, म्हणून अहवालात दोन्ही वेळा लिहा.

विरघळलेल्या रंगाचं उलट असतं. तो प्रकाश शोषतो, म्हणून पिवळसर-तपकिरी पाण्याचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

14. आमचा एक मीटर एनटीयू दाखवतो, दुसरा एफएनयू. दोन्ही फॉर्मेझिननं लावले, तरी नदीच्या पाण्यावर जुळत नाहीत.

जुळायलाच हवेत असं नाही. एनटीयूच्या यंत्रात पांढरा टंगस्टन दिवा असतो, एफएनयूच्या यंत्रात सुमारे 860 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी. फॉर्मेझिनवर दोघांना एकच आकडा शिकवलेला असतो, म्हणून तिथे ते एकमत दाखवतात. नदीतल्या कणांचे आकार वेगळे, त्यांवर दोन तरंगलांबींचं विखुरणं वेगळं. रंगाचा अडथळा इन्फ्रारेडला कमी होतो, म्हणून रंगीत पाण्यात फरक आणखी रुंदावतो. अहवालात यंत्राचं एकक जसं आहे तसं लिहा, गुणक लावून बदलू नका. वर्षभराची तुलना करायची असेल तर एकाच यंत्रावर करा.

15. यंत्रासोबत आलेल्या सीलबंद जेलच्या ट्यूब आहेत. मग फॉर्मेझिनची कटकट कशाला?

त्या ट्यूब यंत्र कालच्याइतकंच वाचतंय का, एवढं पाहायला आहेत. फॉर्मेझिननं (किंवा बाजारात मिळणाऱ्या स्थिर केलेल्या फॉर्मेझिननं) कॅलिब्रेशन झाल्याबरोबर प्रत्येक ट्यूब लावा आणि आलेला आकडा तिच्या नोंदीत लिहा. छापील किमतीपेक्षा तुमच्या यंत्रावरचा हा आकडा महत्त्वाचा, कारण तीच ट्यूब दुसऱ्या यंत्रात वेगळी वाचते. पुढे रोज त्याच्याशी ताडून पाहा, 10 टक्क्यांहून जास्त सरकला तर नव्यानं फॉर्मेझिन करायला घ्या. पॉलिमर मण्यांच्या तयार स्टँडर्डचंही तसंच: ते ज्या मॉडेलसाठी बनवलेलं असतं त्याच्यावरच त्याचा आकडा खरा. शेजारच्या लॅबकडून उसनं आणलेलं स्टँडर्ड वापरण्याआधी त्यांच्या यंत्राचं मॉडेल विचारून घ्या.